विम्याचे ९,६०० रुपये आले: हिशेब कुठे चुकला?

शेत सांवेर तहसिलीत, राहणं इंदुरात. सोयाबीनच्या पीकविम्याचे ९,६०० रुपये खात्यात आले, तेव्हा हलक्यातले सगळे उत्पादनाच्या आकड्यावर चिडले होते. मीही तिथूनच सुरुवात केली. चूक निघाली भलतीकडेच. (हिशेब कळावा म्हणून आकडे गोल केलेत.)

भरपाईचं सूत्र एका ओळीचं आहे:

```
(उंबरठा उत्पादन − प्रत्यक्ष उत्पादन) ÷ उंबरठा उत्पादन × विमा रक्कम
```

प्रधानमंत्री फसल बीमा योजनेत ‘प्रत्यक्ष’ म्हणजे माझ्या शेतातलं नव्हे. पटवारी हलक्यात पीक कापणी प्रयोग होतात, त्यांची सरासरी धरतात. माझ्याकडे हेक्टरी पाच क्विंटल निघालं, हलक्याचं आलं ७६० किलो. वाईट वाटतं, पण यावर भांडून उपयोग नाही. उंबरठा म्हणजे निव्वळ सरासरीही नाही: मागच्या सात वर्षांतली चांगली पाच घेऊन सरासरी काढतात आणि तिला जोखीम स्तराने गुणतात. सरासरी १,२५० किलो, स्तर ८० टक्के, म्हणून उंबरठा १,०००. अनेकजण इथे १,२५० धरून बसतात आणि आपल्याला लुबाडलं म्हणतात. तूट २४० किलो, म्हणजे २४ टक्के.

आता विमा रक्कम. हेक्टरी ५०,००० आणि माझा रकबा २ हेक्टर, म्हणजे एक लाख. त्याचे २४ टक्के २४,००० होतात. आलेले ९,६०० हे ४०,००० चे २४ टक्के. म्हणजे टक्का बरोबर, रकबा ०.८० हेक्टर धरलेला!

पावती काढून पाहिली. शेताचे दोन खसरे आहेत, ०.८० आणि १.२० हेक्टरचे. पोर्टलवर फक्त पहिला चढला होता. बँकेतून हप्ता कापला जातो तेव्हा पावती कोण बघतं? पण खरा पुरावा पासबुकात होता. खरिपाला शेतकऱ्याचा हिस्सा विमा रकमेच्या २ टक्के. ०.८० हेक्टरला ८०० रुपये कापायला हवे होते, कापले होते २,०००. म्हणजे हप्ता पूर्ण रकब्याचा, नोंद अर्धवट.

पासबुकात ८०० च दिसले असते, तर विमाच तेवढ्याचा होता आणि मागणी टिकली नसती. इथे चूक बँकेची ठरते, आणि योजनेच्या नियमांप्रमाणे अशा चुकीची भरपाई बँकेवर येते, विमा कंपनीवर नाही. म्हणून अर्ज शाखेला दिला आणि प्रत जिल्हा तक्रार निवारण समितीला. सोबत दोन्ही खसऱ्यांची नक्कल, विम्याची पावती आणि पासबुकाचं ते पान. ‘भरपाई कमी मिळाली’ एवढंच लिहिलं तर उत्तर येतं, उत्पादन शासनाने ठरवलंय. म्हणून अर्जात उत्पादनाचा विषयच काढला नाही. लिहिलं इतकंच: १.२० हेक्टर सुटलं, त्याची विमा रक्कम ६०,०००, २४ टक्क्यांनी येणं १४,४०० रुपये.