आमची वाटचाल : एक कोरडी ताटी अन् मास्तर

आमचं कूलरचं काम नागपुरात, मानेवाड्याकडे. पत्रा कापण्यापासून कूलरच्या बाजूंच्या ताट्यांत गवत भरण्यापर्यंत सगळं आम्हीच करतो. बाबांची पत्र्याची कातर अजून माझ्याच हातात आहे, मूठ तीनदा बदलली पण पातं तेच, पोरांना मी ती वापरू देत नाही. सुरुवातीची वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचं आहे ते मे महिन्यातल्या एका दुपारचं. दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं, बाहेर पंचेचाळीस डिग्री, अन् एक रिटायर्ड मास्तर आत येऊन सरळ ओरडायलाच लागले. "चार दिवस झाले कूलर घेऊन, थंडावा नावाला नाही, माझी आई रात्रभर जागून राहिली, पैसे परत करा!" मी काय केलं? सगळ्यांसमोर म्हणून टाकलं, "काकाजी, तुम्ही खिडकी बंद ठेवत असाल." संपलं. ते असे तापले की दोन गिऱ्हाइकं तिथूनच उठून गेली, कोणाकडे गेली ते मला माहीत आहे, आमच्या समोरच एकजण बाहेरून तयार माल आणून स्वस्तात विकून राहिला होता, त्याच्याकडे. त्या सीझनला त्याने माझी निम्मी गिऱ्हाइकी खाल्ली, अजून चीड येते.

बंद खिडकीचं मी म्हटलं ते चूक नव्हतं म्हणा. कूलरची ओली हवा बाहेर निघायला वाट नसली तर खोलीत नुसती चिपचिप होते. पण न पाहता बोललो, तेच नडलं. मग मास्तरांना खुर्ची दिली, पाणी दिलं, अन् ते जे म्हणत होते ते त्यांच्याच शब्दांत वहीत लिहून घेतलं, मधे एक शब्द न बोलता. लिहिताना एक गोष्ट निघाली. म्हणाले, "एका बाजूने तर गरम झळाच येते." बंद खोलीत झळ येत नाही. हे ऐकलं अन् माझं डोकं ठिकाणावर आलं. "साडेसातला मी स्वतः येतो," म्हटलं. मिस्त्री पाठवला नाही.

सातला पोचलो. आधी कूलर चालू ठेवूनच तिन्ही बाजूंच्या ताट्यांना हात लावून पाहिला. दोन गार ओल्या, डावी कोरडी खडखडीत. पंप ठीक, नळी ठीक, वरच्या पन्हळीत पाणीही होतं, पण सगळं उजवीकडे धावत होतं. बाल्कनीच्या फरशीला पाणी वाहून जायला उतार असतोच, आमच्या पोराने स्टँड तसाच ठेवून दिला होता. ओल्या गवतातून हवा ओढायला पंख्याला जोर लागतो, कोरड्यातून ती सहज येते, म्हणजे पंखा उन्हातली हवा जास्त ओढून ओल्या बाजूची गार हवा वाया घालवत होता. बाहेरून पाहिलं तर कूलर एकदम नवा, चकाचक.

मास्तरांच्या आईसमोरच सांगितलं, "आजी, चूक आमची आहे, लेव्हल न लावता बसवला." स्टँडच्या दोन पायांखाली टाइलचे तुकडे सरकवले, लेव्हलचा बुडबुडा मधोमध आला, दहा मिनिटांत तिसरी ताटी ओली. पण ते तुकडे निसटले तर कसं चालेल, म्हणून दुसऱ्या दिवशी जाऊन पायांना लोखंडी पट्टी वेल्ड केली. पैसे परत दिले नाहीत, डिस्काउंटही नाही दिला. त्यांना गार हवा पाहिजे होती, शंभर रुपयांनी आजीला झोप लागली नसती. तिसऱ्या दिवशी फक्त फोन करून विचारलं, आजी झोपल्या का.

तुम्ही धंदा करत असाल तर ऐका, हा तिसऱ्या दिवसाचा फोन कोणी करत नाही. भीती वाटते, पुन्हा कटकट निघाली तर? निघू द्या ना, निघाली तर तुमच्याकडेच निघते, चहाच्या टपरीवर नाही. पण प्रत्येक रागावलेल्याला हो म्हणू नका. पाऊस पडल्यावर कूलर गार करत नाही म्हणून जूनमध्ये पैसे मागणाऱ्याला मी नाहीच म्हणतो, हवाच ओली झाली तर त्यात पत्रा काय करणार, अन् हे आता विकतानाच सांगून टाकतो.

मास्तर पुढच्या मार्चला ताट्या बदलायला स्वतःहून आले. त्यानंतरच्या वर्षी मुलीच्या घरी एक, मग भावाकडे दोन. अन् 2020 मध्ये लॉकडाऊन लागलं ते ऐन मार्चच्या शेवटी, सगळा माल भरून ठेवलेला, पत्र्याचं देणं डोक्यावर, दुकान बंद, मी तर शटर विकायच्या गोष्टी करून राहिलो होतो. तेव्हा मास्तरांचा फोन आला, आमच्या गल्लीतल्या चार जणांना दुकान उघडल्यावर कूलर पाहिजे, ॲडव्हान्स घे. त्या पैशांत मिस्त्र्यांचा पगार निघाला.

आजी गेल्या दोन वर्षांपूर्वी. कूलर अजून त्याच बाल्कनीत आहे, टाकी एकदा बदलली. दर मार्चला गेलो की मास्तर माझ्याआधी तिन्ही ताट्यांना हात लावून बसलेले असतात.

समोरच्याने यंदा बोर्डावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, फ्री फिटिंग. त्याच्या पोराच्या पिशवीत लेव्हल असते का, एवढं विचारून पाहा बरं.