कंसात वजा तीन, तरी आलेख उजवीकडे

"कंसात x − 3 असताना आलेख डावीकडे जायला हवा ना? तो उजवीकडे का जातो? आणि सगळंच एकत्र आलं की आधी काय करायचं?"

y = x³ चा आलेख आरंभबिंदूपाशी क्षणभर सपाट होतो, कारण ज्या संख्येचा घन घ्यायचा ती तिथे शून्य असते. (x − 3)³ मध्ये ती संख्या शून्य होते x = 3 ला. म्हणून आधी शून्यापाशी जे घडत होतं ते आता तीनपाशी घडतं. चिन्ह पाहून दिशा पाठ करण्यापेक्षा कंस शून्य कधी होतो हे विचारावं, असं माझं ठाम मत आहे.

खरी चूक होते ती x ला सहगुणक असताना. हे घ्या:

y = 5 − (2x − 6)³/4

इथे बरेच जण आलेख सहा एकक उजवीकडे नेतात. पण कंस शून्य होतो तो तीनलाच. दोन आधी बाहेर काढा: 2x − 6 = 2(x − 3). त्याचा घन 8(x − 3)³, आणि चारने भागल्यावर राहतं

y = 5 − 2(x − 3)³

दोनने आलेख आडवा निम्मा दाबला जाणार होता. तेच दाबणं उभ्या दिशेत आठपट ताणणं ठरलं. घातफलांची ही खास सोय आहे. Sin 2x मधला दोन असा बाहेर काढता येत नाही.

आता x³ वरचे तीन बिंदू घ्या: (−1, −1), (0, 0), (1, 1). y ला −2 ने गुणलं की आलेख दुप्पट ताणला जातो आणि x-अक्षात उलटतो: (−1, 2), (0, 0), (1, −2). मग तीन उजवीकडे, पाच वर: (2, 7), (3, 5), (4, 3). पडताळा मूळ सूत्रातच घ्या. x = 4 ला कंस 2, त्याचा घन 8, भागिले 4 म्हणजे 2, आणि 5 − 2 = 3. जुळलं.

उजवीकडे सरकवणं आधी केलं तरी चालतं, कारण गुणाकार फक्त y ला लागतो. पाच वर नेणं मात्र गुणाकारानंतरच. ते आधी केलंत तर त्या पाचालाही −2 लागतो आणि मधला बिंदू (3, 5) ऐवजी (3, −10) ला जातो. आलेखाचा आकार अगदी बरोबर दिसतो, त्यामुळे नुसतं पाहून ही चूक सापडत नाही. मधला बिंदू सूत्रात घालूनच कळते.

प्रत्येक घन बहुपदी मात्र अशी x³ पासून मिळत नाही. x³ − 3x चा आलेख (−1, 2) ला वर जाऊन वळतो आणि (1, −2) ला खाली जाऊन पुन्हा वळतो. x³ ला एकही वळण नाही, आणि सरकवून, ताणून किंवा उलटवून नवं वळण तयार होत नाही.