मॉडेलची "खात्री ९५": दहा वेळा विचारून पाहिलं

लॅपटॉपवर चालणाऱ्या सात अब्ज पॅरामीटरच्या भाषा-मॉडेलला या आठवड्यात मराठी सामान्यज्ञानाचे चाळीस प्रश्न घातले. सूचना अशी होती:

```
एका ओळीत उत्तर दे.
दुसऱ्या ओळीत खात्री लिही, ० ते १००.
खात्री नसेल तर "माहीत नाही" लिही.
```

सगळीकडे ८५, ९० नाहीतर ९५. चाळिशी-पन्नाशीतला आकडा औषधालाही सापडला नाही. "माहीत नाही" दोनदा आलं, त्यातलं एक कळसूबाईच्या उंचीला! तिसरी ओळ काढली तर हीच उंची त्याने बरोबर सांगितली, १६४६ मीटर.

तो आकडा म्हणजे आतल्या कुठल्या काट्यावरचं रीडिंग नाही, हे मला उशिरा उमगलं. उत्तराचे शब्द जसे एकामागून एक येतात तसाच तोही येतो, आणि अशा जागी माणसं सहसा जे लिहितात तेच मॉडेल लिहितं. त्यात माणसांना कुठली उत्तरं पसंत पडतात ते बघून मॉडेल घोटून घेतलं की ठाम बोलण्याची सवय आणखी मुरते. २०२३च्या जीपीटी-४च्या तांत्रिक अहवालात एक आलेख आहे: घोटण्याआधी मॉडेलने पर्यायांना दिलेली संभाव्यता आणि उत्तरं बरोबर येण्याचं प्रमाण छान जुळतं, नंतर ते बरंच बिघडतं. तिथे तर आतली संभाव्यता मोजली होती. मी तोंडी आकड्यावर विसंबून बसलो होतो.

म्हणून आकडा विचारणं सोडलं नाही, पण मोजायला दुसरं काहीतरी धरलं. दर वेळी उत्तर बदलायला वाव मिळावा म्हणून टेम्परेचर ०.८, एकच प्रश्न दहा वेळा, दर वेळी नवीन चॅट (नाहीतर आधीचं उत्तर बघून तेच गिरवतं). प्रश्न: ज्ञानपीठ मिळालेले पहिले मराठी साहित्यिक कोण? खांडेकर पाच वेळा, कुसुमाग्रज चार वेळा, विंदा एकदा. बरोबर उत्तर खांडेकर, १९७४. कुसुमाग्रजांना १९८७ला मिळालं, विंदांना २००३ला. तिघांच्याही पुढे लिहिलेली खात्री मात्र ९० किंवा ९५. त्याची डळमळ दिसली ती पाच-चार-एक या वाटणीत.

मोजताना एक घोळ झाला. स्क्रिप्टने "वि. स. खांडेकर" आणि "विष्णू सखाराम खांडेकर" वेगळे धरले, त्यामुळे मॉडेल होतं त्याहून जास्त गोंधळलेलं दिसलं. आता उत्तरं हातानेच गटात टाकतो.

ही युक्तीही सगळीकडे चालत नाही. महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला विचारला तर दहाच्या दहा वेळा राजगड. उत्तर आहे साल्हेर, १५६७ मीटर. चूक पक्की मुरलेली असेल तर वाटणी होतच नाही, आणि दहापैकी दहा बघून मी ते बरोबरच्या रकान्यात टाकणार होतो. ट्रेकचा नाद आहे म्हणून वाचलो. आता दहापैकी दहा आलेल्या प्रश्नांची वेगळी यादी केलीय, ती पुस्तकं काढून तपासतोय.