पुरवठा कमी झाला, मग रेष वर कशी गेली?

बारावीच्या सहामाहीत अर्थशास्त्राच्या एका आकृतीवर मला शून्य मिळालं. प्रश्न साधा होता: अवकाळी पावसानं कांद्याचं पीक खराब झालं, तर समतोल किंमत आणि नग यांचं काय होईल? उत्तर तोंडी विचारलं असतं तर झोपेतही सांगितलं असतं. आम्ही निफाडकडचे, घरात कांदाच पिकतो. पण कागदावर मी पुरवठा 'कमी' झाला म्हणून पुरवठा वक्र खाली सरकवला, आणि छेदनबिंदू स्वस्त कांद्यावर जाऊन बसला. पावसानं पीक झोडपलं आणि भाव पडला!

चूक कुठे झाली ते समजायला दोन दिवस गेले. आकृतीत किंमत उभ्या अक्षावर असते आणि नग आडव्या अक्षावर. पुरवठा कमी होणं म्हणजे नग कमी होणं, म्हणून रेष आडवी सरकली पाहिजे, डावीकडे. पुरवठ्याची रेष डावीकडून उजवीकडे चढत जाते. ती डावीकडे ढकलली की डोळ्याला वर गेल्यासारखी दिसते. मागणीच्या रेषेत हा घोळ होत नाही. ती उतरती असल्यामुळे तिथे 'डावीकडे' आणि 'खाली' एकच दिसतं, आणि त्या सवयीनं पुरवठ्यात घात होतो. तेव्हापासून मी वर-खाली हे शब्दच टाकले. जुन्या किमतीवर पट्टी आडवी धरायची आणि विचारायचं, याच भावाला आता माल जास्त येईल की कमी?

मग आकडे घेऊन बसलो. किंमत P किलोला रुपयांत, नग Q क्विंटलमध्ये.

```
मागणी:       Q = 120 - 2P
पुरवठा:      Q = 3P - 30
पावसानंतर:   Q = 3P - 55
```

आधीचा समतोल 30 रुपये आणि 60 क्विंटल. पावसानं प्रत्येक भावाला 25 क्विंटल माल कमी केला. 30 रुपयांनाच थांबलो तर गिऱ्हाईक 60 मागतं आणि माल येतो 35. ही 25 ची तूट भाव वर ढकलते. 120 - 2P = 3P - 55 सोडवलं की P = 35, Q = 50.

इथे मी परत अडलो. माल 25 नं घटला, मग विक्री 10 नंच का घटली? कारण भाव चढताना नव्या पुरवठा रेषेवरूनच 15 क्विंटल जादा माल बाहेर आला, आणि मागणीच्या रेषेवरून गिऱ्हाईक 10 क्विंटलनं मागे सरकलं. पुस्तकात याला पुरवठ्याचा विस्तार आणि मागणीचा संकोच म्हणतात. दोन्ही रेषा जागच्या हलत नाहीत, आपण त्यांच्यावरून चालतो. मी आधी 'भाव वाढला, म्हणून मागणी घटली' असं म्हणत मागणीची रेषही डावीकडे नेत होतो. मग भाव उतरायचा, मग मागणी परत वाढायची, आणि हे चक्र काही थांबायचं नाही. रेष हलवायला बाहेरचं कारण लागतं: पाऊस, उत्पन्न, सण. किंमत स्वतः कुठलीच रेष हलवत नाही.

सणाचा प्रश्न पुढच्या चाचणीत आलाच: पाऊसही आणि सणासुदीची मागणीही. मागणी 10 नं वाढवली तर 37 रुपये, 56 क्विंटल. 25 नं वाढवली तर 40 रुपये, 65 क्विंटल. दोन्ही वेळा भाव चढला, पण नग एकदा जुन्या 60 च्या खाली, एकदा वर. म्हणून आकडे दिले नसतील तर 'किंमत वाढेल, नगाबद्दल ठाम सांगता येणार नाही' हेच पूर्ण उत्तर असतं. मुलं ते लिहायला घाबरतात. मीही घाबरलो होतो, पण लिहिलं.

घरी ही आकृती बाबांना दाखवली. त्यांनी बराच वेळ पाहिली आणि त्या 15 क्विंटलवर बोट ठेवलं.

"हा माल कुठून आला रे?"

"भाव वाढला म्हणून चाळीतून काढला."

"उन्हाळ कांदा असला तर चाळीत राहील. लाल कांदा कुठे टिकतो? आला तो विकायचा. उद्या सहा हजार भाव निघाला तरी रातोरात पिकवणार का मी?"

मी लाल कांद्यासाठी वेगळी आकृती काढली. पुरवठ्याची रेष सरळ उभी, पावसाआधी 60 वर, पावसानंतर 35 वर. मागणी तीच. 35 = 120 - 2P, म्हणजे साडेबेचाळीस रुपये.

"क्विंटलला सव्वाचार हजार," बाबा म्हणाले. "हां, आता बरोबर वाटतंय."