शिकवणीचं पोस्टर: पाचव्या प्रॉम्प्टला बाई बाईंसारख्या दिसल्या

शेजारी शिकवणी घेणाऱ्या बाईंनी पोस्टरसाठी फोटो दिला. खिडकीपाशी काढलेला, डोळ्यांवर चौकोनी चष्मा, ओठ मिटून हसणं. वापरायची परवानगीही दिली.

तो चित्रं बनवणाऱ्या एआय मॉडेलला दिला आणि पहिला प्रॉम्प्ट मी अगदीच बाळबोध लिहिला: या फोटोवरून प्रेमळ दिसणारं पोस्टर कर, वेळेसाठी जागा सोड. पोस्टर झकास आलं, फक्त त्यात बाई नव्हत्या. ‘प्रेमळ’ हा शब्द मॉडेलनं थेट चेहऱ्याला लावला आणि मिटलेल्या ओठांत दात बसवले. फोटोत दात दिसतच नाहीत, म्हणजे हे मॉडेलनं मनाचेच दिलेले. दात आले की गाल वर चढतात, डोळे बारीक होतात, माणूस दुसराच होतो. मोबाइलवर पटकन कळत नाही. दोन्ही चेहरे एका आकाराचे करून शेजारी ठेवले, तेव्हा चष्मा गोल झालेला आणि हनुवटीवरचा तीळ गायब झालेला दिसला.

मग प्रेमळपणाचं काम रंग आणि उजेडावर सोपवलं.

जागेचं दुखणं वेगळंच. ‘रिकामी जागा’ म्हटलं की तिथे पेन्सिली, तारे, अक्षरांसारख्या रेघोट्या येऊन बसत. ‘फळा नको’ लिहिलं, तर फळा आलाच, वर त्यावर भलतीच समीकरणं! शेवटी काय नको यापेक्षा तिथे काय हवं ते लिहिलं. पाचवा प्रॉम्प्ट असा:

```
फोटोतील व्यक्तीचा चेहरा, हसू, चष्मा, तीळ
आहे तसेच ठेव. उभं पोस्टर. व्यक्ती वरच्या
भागात, कमरेपर्यंत. मागे फिकट पिवळी साधी
भिंत, डावीकडून सकाळचा मऊ उजेड. खालचा
एक तृतीयांश भाग एकाच सपाट क्रीम रंगाचा.
चित्रात कुठेही अक्षरं नाहीत.
```

यात जागा हवी तशी मिळाली. चेहरा जवळजवळ तोच, पण चष्म्याची डावी काडी कानाआधीच संपली होती. म्हणून मूळ फोटोतून बाई कापून याच पार्श्वभूमीवर बसवल्या. उजेड दोन्हीकडे डावीकडूनच असल्यामुळे जोड दिसत नाही. फोटोतला उजेड आधी बघून मगच प्रॉम्प्टमध्ये दिशा लिहा.

अक्षरं मी मुद्दाम मॉडेलला दिली नाहीत. एकदा देऊन पाहिलं, तर ‘विज्ञान’मधला ‘ज्ञ’ पार मोडला. शिवाय माझं चित्र १०२४ × १५३६ पिक्सेलचं. ए-फोरवर छापलं की इंचाला जेमतेम १२४ पिक्सेल मिळतात. फोटोला ते चालून जातं, बारीक अक्षरं मात्र फुगीर दिसतात. चित्रावर नंतर वेगळी, फॉन्टमध्ये टाकली की धारदार छापली जातात. आणखी एक: ए-फोरचं प्रमाण या चित्राहून थोडं बुटकं, त्यामुळे उंचीतले ८८ पिक्सेल कापावे लागले. ते वरच्या भिंतीतून काढले, वेळेच्या पट्ट्याला धक्का लावला नाही.

पट्ट्यात दोनच ओळी टाकल्या: पाचवी ते सातवी, ५ ते ६; आठवी ते दहावी, ६ ते ७.३०. काल बाईंनी दुसरी बॅच पंधरा मिनिटं पुढे ढकलली. चित्राला हात न लावता तेवढी ओळ बदलून दिली.