भाषणातला कापलेला परिच्छेद

कर्नाटकातल्या खानापूर तालुक्याच्या जंगलपट्टीतल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात मी मराठी शिकवते. फेब्रुवारीच्या शेवटी दहावीच्या मुलांचा निरोप समारंभ असतो आणि नववीतर्फे एक भाषण होतं. ते बसवून घेण्याचं काम दरवर्षी माझ्याकडे येतं. यंदाच्या त्या भाषणातला एक परिच्छेद मी कापला. तो माझ्या मनातून अजून जात नाही.

बाहेरच्यांना वाटतं, असं भाषण म्हणजे पाच मिनिटांचा मामला. खरं तर चारच मिनिटं मिळतात, आणि त्यातलं जवळजवळ एक मिनिट 'व्यासपीठावर उपस्थित' म्हणत नावं घेण्यात जातं. आमच्याकडे पाहुणे कन्नडभाषक असले तर सुरुवातीला एक वाक्य कन्नडमधूनही असतं. उरलेल्या तीन मिनिटांत तीनशे-सव्वातीनशे शब्द बसतात. घाबरलेलं मूल वेग वाढवतं आणि तेवढे शब्द दोन मिनिटांत संपवतं. म्हणून मी भाषणाचे चार तुकडे करते आणि प्रत्येक तुकड्याचं पहिलं वाक्य वेगळं घोटून घेते. मूल अडतं ते वाक्याच्या मध्ये क्वचितच. अडतं ते एक तुकडा संपून दुसरा सुरू होतो त्या सांध्यावर. तिथलं पहिलं वाक्य जिभेवर असलं की गाडी पुढे जाते. माइक तोंडापासून चार बोटं लांब ठेवायचा, नाहीतर 'प' आणि 'भ' फटाक्यासारखे फुटतात. बऱ्याच शाळांत शिक्षकच मोबाइलवरून भाषण उतरवून मुलाच्या हातात देतात. मला ते पटत नाही. मी आधी मुलाला लिहायला लावते आणि मग लाल पेन घेते.

यंदा निवडलेली मुलगी वस्तीवरून येते. जंगलातून चार किलोमीटर पायवाट आहे. वर्गात ती फारशी बोलत नाही. पण एकदा वाचायला उभी केली तेव्हा शेवटच्या बाकापर्यंत अक्षर न् अक्षर पोचलं. असा आवाज मी फार थोड्या मुलांत ऐकला आहे. तो आला कुठून, असा विचार तेव्हा माझ्या मनात आला नव्हता. आवाज मिळाला, एवढ्यावरच मी खूश होते.

तिनं दोन फुलस्केप पानं लिहून आणली. पहिल्या पानावर सगळी मुलं लिहितात तेच होतं: पाखरं, घरटं, शिदोरी. दुसऱ्या पानावर हा परिच्छेद होता. तो मी तसाच देते, कारण ते पान माझ्याकडेच राहिलं आहे.

'अक्का आणि मी दोन वर्षं एकत्र चालत आलो. काजूची बोंडं पिकली की आमच्या वाटेवर अस्वल येतंय. अस्वलाला माणूस एकदम पुढ्यात दिसला तर ते अंगावर येतंय, लांबूनच आवाज ऐकला तर आपणच बाजूला होतंय. म्हणून अक्का मला मोठ्यानं पाठ म्हणायला लावायची. मर म्हणजे झाड, हक्की म्हणजे पक्षी, करडी म्हणजे अस्वल. माझं सगळं कन्नड अक्कानं असं वाटेत करून घेतलं. मी दमले की ती म्हणायची. आम्ही कधी गप्प चाललो नाही. आता वस्तीवरून मी एकटीच राहणार.'

मी त्यावर आडवी रेघ मारली. त्या वेळी कारणं मला अगदी पक्की वाटली होती. निरोप पंचवीस जणांचा होता आणि परिच्छेद एकीचा. अस्वल म्हटलं की पोरं हसणार आणि तिचा सांधा तुटणार. शिवाय, आणि हे मला लिहायलाच हवं, पाहुण्यांसमोर वाटेचा विषय निघाला की ती तक्रार वाटते. समारंभात तक्रार नको, असं आमच्या मुख्याध्यापकांचं म्हणणं असतं, आणि मीही ते कधी खोडून काढलं नव्हतं.

"बाई, हे एवढं ठेवा की," ती म्हणाली.

"तिच्यासाठी वेगळं पत्र लिही गं. इथं सगळ्यांबद्दल बोलायचं असतं."

तिनं मान हलवली. त्या परिच्छेदाच्या जागी मी चार ओळी घातल्या: मार्गदर्शन, स्नेह, ऋणानुबंध. तिनं त्या एका रात्रीत पाठ केल्या.

समारंभाच्या दिवशी नाडगीत झालं, दीपप्रज्वलन झालं, सत्कार नेहमीसारखे लांबले. ती उभी राहिली. "एल्लरिगू नन्न नमस्कारगळु" असं ती स्वच्छ उच्चारात म्हणाली, तेव्हा पाहुण्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. चारही तुकडे नीट झाले, एकाही सांध्यावर ती अडली नाही. पण मी घातलेल्या चार ओळींत तिचा आवाज सपाट झाला. वेग तोच, उच्चार तेच, फक्त शब्दांवर भार कुठेच नव्हता. पाठांतर ओळखायची खूण हीच असते. तरीही टाळ्या भरपूर पडल्या आणि मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहून समाधानानं मान हलवली.

मग दहावीच्या मुलांची मनोगतं. तीन जण बोलले. चौथी अक्का. तिचं नाव यादीत नव्हतं, ती आपणहून उठली. माइक तिनं हातात घेतलाच नाही. नववीच्या रांगेकडे बघून म्हणाली, "सोमवारपासून एकटी येताना गप्प येऊ नकोस. कुणी नसलं तरी मोठ्यानं म्हणत ये. सातवीपर्यंतच्या कविता आहेत, त्या संपल्या की पाढे म्हण." आणि खाली बसली.

कुणाला काही कळलं नाही. मागच्या बाकावर दोन मुलं हसली. सूत्रसंचालन करणाऱ्या सरांनी "वा, अभ्यासाचा छान सल्ला" म्हणून पुढचं नाव पुकारलं. त्या वाक्याचा अर्थ मंडपात तिघींनाच माहीत होता, आणि तो इतरांना कळू न देणारी मी होते. परिच्छेद राहिला असता तर ही पोर काय सांगते आहे ते पाहुण्यांना, पालकांना, मुख्याध्यापकांना, सगळ्यांना कळलं असतं. तो आवाज आला कुठून, तेही त्यातच लिहिलेलं होतं. मी आवाज तेवढा ठेवला.

मी तक्रार समजून कापलं ती माहिती होती. निरोपानंतर दहावीची मुलं अभ्यासासाठी घरी असतात, ती रोज शाळेत येत नाहीत. म्हणजे वस्तीवरून येणारी एक मुलगी नेमकी काजूच्या दिवसांत एकटी पडणार होती. हे तिनं आम्हाला लेखी कळवलं होतं आणि मी ते भाषेच्या अंगानं तपासलं.

पुढच्या दोन आठवड्यांचं नववीचं हजेरीपत्रक मी काढून पाहिलं. तिच्या नावापुढे पाच दिवस गैरहजेरी आहे. आधीच्या महिन्यात एकही नव्हती. वर्गशिक्षकांनी 'आजारी' असं मानून घेतलं होतं. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, धुकं असलं की वडील अर्ध्या वाटेपर्यंत सोडायला येतात, वडील कामाला गेले की ती येत नाही.

मी ते पान मुख्याध्यापकांना दाखवलं, लाल रेघेसकट. त्यांनी दोनदा वाचलं. जूनमध्ये त्याच बाजूच्या प्राथमिक शाळेतून सातवी झालेल्या दोन मुली आठवीला येतील का, ते आम्ही आता बघतो आहोत. एकीच्या घरी जाऊन आले. आई तयार आहे, आजी नाही. तोवर सकाळच्या पहिल्या तासाला ती उशिरा आली तरी हजेरी लावायची, एवढं ठरलं आहे.

परवा ती उशिरा आली. घसा बसला होता. "काय म्हणत आलीस?" मी विचारलं.

"भाषण," ती म्हणाली. "आधीचं."