१७ मार्चपर्यंतच्या ऑर्डरी

रत्नागिरीत माझे मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे. गेल्या एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, मी नुकतेच दुकान उघडले असताना, पावसकडचे एक आंबा बागायतदार आपल्या मुलाला घेऊन आले. त्यांना सगळे तात्या म्हणतात. तीन दिवसांपूर्वी, ९ तारखेला, त्यांचा फोन बागेतल्या विहिरीत पडला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच नंबरचे डुप्लिकेट सिम काढले, नवा फोन घेतला आणि मुलाने त्यावर व्हॉट्सॲप सुरू करून दिले. ग्रुप सगळे दिसत होते, पण आत एकही जुना संदेश नव्हता. हापूसच्या साऱ्या ऑर्डरी, म्हणजे कोणाला किती डझनाची पेटी, कोणत्या पत्त्यावर आणि कोणत्या तारखेला पाठवायची, हे सगळे त्या चॅटमध्येच होते.

"अहो, नंबर तर तोच आहे ना, मग मेसेज कुठे गेले?" हा तात्यांचा पहिला प्रश्न होता, आणि तो रास्त होता. नंबरच्या पडताळणीने फक्त खाते परत मिळते. नाव, ग्रुपमधले सदस्यत्व आणि फोन बंद असताना आलेले, सर्व्हरवर थांबलेले संदेश त्या खात्याबरोबर येतात. एकदा पोहोचलेले संदेश मात्र सर्व्हरवर राहत नाहीत. ते फोनमध्ये असतात, आणि अँड्रॉइडवर बॅकअप चालू असेल तर त्यांची एक प्रत गूगल खात्यात असते. ती परत मिळवायची तर नंबरही तोच लागतो आणि ज्या गूगल खात्यात ती ठेवली गेली ते खातेही तेच लागते.

मुलाने काय काय केले ते मी क्रमाने विचारून घेतले. नव्या सिमवर २४ तास एसएमएस बंद असतात, त्यामुळे सहा अंकी कोड संदेशाने आला नाही आणि त्याने तो फोनकॉलवर घेतला. ते बरोबरच होते. पण नवा फोन चालू करताना जुन्या जीमेलचा पासवर्ड आठवेना, म्हणून फोन घेतला त्या दुकानात बसूनच नवे जीमेल उघडले गेले होते. या चुकीतून मी अनेकांना सोडवले आहे. त्या नव्या खात्यात बॅकअप नसल्यामुळे ॲपला काहीच सापडले नाही, आणि मुलगा 'Skip' दाबून पुढे गेला. आणखी एक गोष्ट कळली तेव्हा मला फार हळहळ वाटली. तात्यांच्या मुलीच्या लॅपटॉपवर त्यांचे व्हॉट्सॲप जोडलेले होते आणि फोन विहिरीत पडल्यानंतरही ते चालू होते. नव्या फोनवर नंबरची पडताळणी होताच लॅपटॉप आपोआप बाहेर पडला. त्याआधी ते माझ्याकडे आले असते, तर सगळ्या ऑर्डरी वहीत उतरवून घेता आल्या असत्या.

जुन्या जीमेलचा पत्ता गूगलच्या खाते शोधण्याच्या पानावर मोबाइल नंबर आणि नाव देऊन मिळाला. एव्हाना एसएमएस सुरू झाले असल्याने कोडही आला आणि नवा पासवर्ड ठेवता आला. ते खाते नव्या फोनमध्ये जोडून मी ड्राइव्हमधली बॅकअपची यादी उघडली. तिथे व्हॉट्सॲपची नोंद होती, आकार २.८ जीबी आणि तारीख १७ मार्च.

मी तारखेचा विचार करत असताना मुलाने उत्साहाने फोन हातात घेतला, व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'Chat backup' उघडले, तिथल्या गूगल खात्याच्या जागी जुने जीमेल निवडले आणि त्याचे बोट 'Back up' या बटणाकडे गेले. मी त्याचा हात धरला. ते बटण जुने संदेश आणत नाही, फोनमध्ये या क्षणी जे आहे ते गूगलकडे पाठवते. एका नंबरचा त्या खात्यात एकच बॅकअप राहतो, आणि नवा गेला की जुना पुसला जातो. दोन दिवसांच्या मोजक्या संदेशांनी तिथले २.८ जीबी कायमचे गेले असते. खरे तर दुकानात चुकीचे जीमेल उघडले गेले, म्हणूनच जुना बॅकअप दोन रात्री सुरक्षित राहिला होता. मी निवड बदलून आपोआप होणारा बॅकअपही बंद केला.

जुने संदेश आणायचे तर ॲप काढून पुन्हा घालावे लागते, कारण 'Restore' हा पर्याय पडताळणीनंतर एकदाच समोर येतो. पण नवे संदेश आणि जुना बॅकअप यांची जोड होत नाही. म्हणून त्या दोन दिवसांत आलेल्या अकरा ऑर्डरींची चॅट आम्ही एकेक करून 'Export chat' ने मेलवर पाठवली. व्हॉट्सॲप रोज पहाटे २ वाजता फोनमध्येही एक प्रत ठेवते. नव्या फोनमधली ती दोन दिवसांची प्रत पुढे येऊ नये म्हणून `Android/media/com.whatsapp/WhatsApp/Databases` हा फोल्डर रिकामा केला. मग ॲप काढले, पुन्हा घातले, कोड दिला, आणि पडद्यावर १७ मार्चची तारीख दिसली. बॅकअपला एन्क्रिप्शनचा वेगळा पासवर्ड लावलेला नव्हता, हे बरे झाले. तो लावलेला असता आणि आठवला नसता, तर मला काहीच करता आले नसते. पाच मिनिटांत संदेश आले. फोटो मात्र दुकानाच्या वायफायवर दुपारपर्यंत उतरत होते.

आता प्रश्न १७ मार्च ते ९ एप्रिल या काळाचा राहिला. गूगलची मोफत १५ जीबी जागा मेल आणि फोटोंनी भरली होती. २०२४पासून व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्याच जागेत मोजला जातो, त्यामुळे तो १७ मार्चनंतर थांबला होता. तशी सूचना येत होती, असे तात्यांना आठवलेही. पहाटेच्या प्रतींपैकी शेवटच्या सात दिवसांच्या प्रती विहिरीत पडलेल्या फोनमध्ये होत्या, आणि त्यातली सर्वात ताजी एकच प्रत मिळाली असती तरी सगळी संभाषणे परत आली असती. म्हणून मी तो फोन उघडला. पण पाण्यातून काढल्यावर तो घरी चार्जिंगला लावून पाहिला होता. बोर्डवर पॉवरच्या आयसीभोवती काळा डाग पडला होता आणि फोन कशालाच दाद देत नव्हता. माझ्या ओळखीच्या बोर्ड दुरुस्त करणाऱ्या कारागिरानेही दोन दिवसांनी तो परत पाठवला.

संभाषणाची दुसरी प्रत समोरच्या माणसाकडे असते, हा शेवटचा मार्ग उरला. तात्यांनी आपल्या जुन्या गिऱ्हाइकांना फोन केले. पुण्यामुंबईच्या बहुतेकांनी आपल्या बाजूने चॅट एक्सपोर्ट करून पाठवली, काहींनी नुसते स्क्रीनशॉट पाठवले. मार्चच्या शेवटी प्रथमच ऑर्डर देणाऱ्यांचे नंबर सेव्ह केलेले नव्हते, त्यामुळे त्यांना शोधण्याचा उपाय नव्हता. त्यांचे पैसे यूपीआयने आलेले होते, म्हणून बँकेच्या विवरणातून नावे आणि रकमा तेवढ्या मिळाल्या. त्यातल्या चौघांनी आंबे का आले नाहीत म्हणून स्वतःच फोन केला. दोघांचा पत्ता आजही लागलेला नाही, आणि त्यांचे पैसे तात्यांनी बाजूला ठेवले आहेत.

संध्याकाळी आम्ही जुन्या मेलमधली मोठी जोडपत्रे काढून सहा जीबी जागा मोकळी केली, व्हिडिओ वगळून रोजचा बॅकअप लावला आणि तो पूर्ण होईपर्यंत थांबलो. तारीख त्या दिवसाची दिसल्यावर तात्यांनी खिशातून ऑर्डरींची नवी वही काढली आणि पहिल्या पानावर जीमेलचा पत्ता माझ्याकडून लिहवून घेतला.